सही करण्याआधी विशेष अटी कशा वाचाव्यात: छोट्या ठेकेदारासाठी

वर्क ऑर्डरसोबत आलेल्या कागदांत छोटा ठेकेदार सर्वात आधी दरपत्रक उघडतो. दर पटले की तारीख बघतो आणि सही करतो. मागे जोडलेल्या विशेष अटी, म्हणजे ज्यांना साइटवर सगळे ‘स्पेशल कंडिशन्स’ म्हणतात, त्या पाच-सहा पानांत बारीक अक्षरात असतात आणि बहुतेक वेळा न वाचताच राहतात. खरं तर कामातला नफा कोणाकडे राहणार हे दरपत्रकाइतकंच या पानांवर ठरतं.

सर्वसाधारण अटी साधारण सगळीकडे सारख्या असतात. त्या बऱ्याच वर्षांच्या वापरातून आलेल्या असल्यामुळे त्यांत दोन्ही बाजूंचा थोडाफार विचार असतो. विशेष अटी मात्र त्या एका कामासाठी, काम देणाऱ्याच्या कार्यालयात लिहिल्या जातात, आणि वाद झाला तर सर्वसाधारण अटींपेक्षा त्याच वरचढ ठरतात. म्हणून जोखीम एकीकडून दुसरीकडे सरकवायची असेल तर ती इथेच सरकवली जाते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्याच्या आवारात पावसाळी पाण्याची आरसीसी नाली करायची आहे. लांबी 600 मीटर, रक्कम जीएसटी सोडून 48 लाख रुपये, मुदत 120 दिवस, सुरुवात 10 फेब्रुवारी. म्हणजे काम 10 जूनला, पावसाच्या तोंडावर संपायला हवं. काम मुख्य ठेकेदाराकडून पेटी कॉन्ट्रॅक्टवर मिळतंय. दर भरताना ठेकेदारानं नफा 10 टक्के धरलाय, म्हणजे 4 लाख 80 हजार. हा आकडा डोक्यात ठेवा, कारण पुढची प्रत्येक अट याच आकड्याशी ताडून बघायची आहे. उदाहरणातले दर गणित दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या कामाला तुमचे दर लावा.

आधी सगळे कागद एकत्र करा

वर्क ऑर्डर, सर्वसाधारण अटी, विशेष अटी, बीओक्यू, ड्रॉइंग आणि मुख्य ठेकेदाराचा मालकाशी असलेला करार, एवढे कागद टेबलावर हवेत. शेवटचा कागद बहुतेक मिळत नाही. पण विशेष अटींमध्ये ‘मुख्य कराराच्या सर्व अटी पोटठेकेदाराला जशाच्या तशा लागू राहतील’ असं एक वाक्य जवळपास नेहमी असतं. जो करार पाहिलेलाच नाही, त्याच्या अटी तुम्ही मान्य करताय. म्हणून तो मागायचाच. दर दाखवायचे नसतील तर दरांवर काळी पट्टी मारून द्या म्हणा, त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही. तरीही मिळत नसेल तर ‘ज्या अटींची प्रत पोटठेकेदाराला दिलेली आहे तेवढ्याच लागू’ असं ते वाक्य बदलून घ्या.

मग कागदांचा अग्रक्रम शोधा. विशेष अटी आणि बीओक्यू यांत फरक पडला तर काय, हे कुठेतरी लिहिलेलं असतं. ‘जी अट जास्त कडक असेल ती लागू, आणि कोणती कडक हे मुख्य ठेकेदाराचा इंजिनिअर ठरवेल’ असं वाक्य दिसलं तर त्याखाली लाल रेघ ओढा. हे वाक्य राहिलं तर बाकी ठिकाणी करून घेतलेल्या दुरुस्त्यांना अर्थ उरत नाही.

आता वाचायला बसा. विशेष अटींतलं प्रत्येक कलम सर्वसाधारण अटींतल्या त्याच विषयाच्या कलमाशेजारी ठेवून वाचा. नुसत्या विशेष अटी वाचल्या तर काय लिहिलंय ते कळतं, पण काय काढून टाकलंय ते कळत नाही. ‘कलम अमुक वगळण्यात येत आहे’ एवढीच एक ओळ असते, आणि त्या ओळीत तुमचा मुदतवाढीचा हक्क गेलेला असतो.

बदललेल्या प्रत्येक कलमासमोर समासात तीन गोष्टी लिहा. ही गोष्ट घडणं न घडणं कोणाच्या हातात आहे? घडली तर माझे जास्तीत जास्त किती रुपये जातील? आणि ते रुपये मी दरात किंवा विम्यात आधीच बसवू शकतो का? जे तुमच्या हातात आहे ते तुमच्याकडे असणं रास्त आहे. काँक्रीटचा दर्जा, मजुरांची हजेरी, नेहमीचा पावसाळा, हे सगळं तुमचंच. जे तुमच्या हातात नाही, ज्याला रुपयाची वरची मर्यादा नाही आणि जे दरातही बसत नाही, ते कलम एकतर्फी. अटींची भाषा कितीही कडक असो वा गोड, कसोटी हीच.

जमिनीचं कलम

आपल्या उदाहरणात विशेष अटींमध्ये लिहिलंय: ‘खोदकामाचा दर सर्व प्रकारच्या स्तरांसाठी आहे. ठेकेदाराने साइट पाहिली असून जमिनीच्या स्थितीबद्दल कोणताही दावा चालणार नाही.’ साध्या भाषेत, खाली काहीही निघो, पैसे तेवढेच.

नागपूरच्या दक्षिण-पश्चिम पट्ट्यात वर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट असतो. खडक किती खोलीवर लागेल हे एकाच आवारात बदलतं. एका टोकाला दीड मीटरपर्यंत बकेट लोण्यासारखी जाते, दुसऱ्या टोकाला अर्ध्या मीटरवर दात घासायला लागतात. त्यामुळे साइट पाहिली या शब्दाला खोदकामात काही किंमत नाही, वरून पाहून काही दिसत नाही.

आता रुपये काढू. चर 1.8 मीटर रुंद, सरासरी 1.5 मीटर खोल, लांबी 600 मीटर. खोदकाम 1620 घनमीटर. दर 180 रुपये धरलाय. समजा यातलं 30 टक्के, म्हणजे 486 घनमीटर, कठीण खडक निघालं. तिथे ब्रेकर लावावा लागेल आणि खर्च घनमीटरला 850 रुपयांपर्यंत जाईल. फरक 670 रुपये. 486 ला 670 नं गुणलं की 3 लाख 25 हजार 620 रुपये. एका वाक्यानं 4 लाख 80 हजारांतला दोन तृतीयांश नफा गेला, आणि यात ब्रेकरमुळे लागलेले जादा दिवस धरलेलेच नाहीत.

यावर पहिला उपाय कागदावरचा नाही. सही करण्याआधी परवानगी घेऊन नालीच्या रेषेवर दर 100 मीटरला एक खड्डा जेसीबीनं तळापर्यंत घ्या. सहा खड्डे म्हणजे काही तासांचं भाडं. प्रत्येक खड्ड्याचा टेप लावून फोटो काढा, माती कुठे संपली, मुरूम कुठे, बकेटचे दात कुठे घसरायला लागले, हे वहीत लिहा. परवानगी मिळत नसेल तर शेजारच्या प्लॉटवरचा पाया, जवळची विहीर, कारखान्याच्या बोअरवेलची नोंद, यांतून अंदाज येतो. मुख्य ठेकेदाराकडे माती परीक्षणाचा अहवाल बहुतेक असतो, तोही मागा. देताना ते ‘फक्त माहितीसाठी’ असा शिक्का मारतील, तरी घ्या.

मग कलमात एक छोटा बदल सुचवा: कठीण खडकासाठी वेगळा दर, आणि खडक लागला की दोघांनी मिळून मोजमाप करायचं. वेगळा दर द्यायला समोरचा तयार नसेल तर दुसरा मार्ग असा, की एकूण खोदकामाच्या 10 टक्क्यांपर्यंत खडक याच दरात, त्यापुढे वेगळा. आमच्या मते हा दुसरा मार्ग लवकर मान्य होतो, कारण त्यात थोडी जोखीम तुम्हीही उचललेली दिसते. खडक म्हणजे काय हेही लिहून घ्या. ‘जेसीबीच्या बकेटनं निघत नाही आणि ब्रेकर किंवा छिन्नी लागते तो’ एवढी साधी व्याख्या पुरते. व्याख्या नसेल तर तुम्ही ज्याला खडक म्हणाल त्याला इंजिनिअर कडक मुरूम म्हणेल.

पैसे कधी मिळणार

पेटी कामात सगळ्यात जास्त नुकसान करणारं कलम हेच. ‘मालकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर 15 दिवसांत पोटठेकेदाराला देय’. याला बॅक टू बॅक पेमेंट म्हणतात. वाचताना 15 दिवस हा आकडा डोळ्यांत भरतो आणि बरं वाटतं. पण मोजणी सुरू कधी होणार ते तुमच्या हातात नाही, मुख्य ठेकेदाराच्याही पूर्ण हातात नाही. मालकानं मुख्य ठेकेदाराचं बिल भलत्याच कारणासाठी, म्हणजे शेडच्या रंगासाठी किंवा विजेच्या कामासाठी अडवलं, तरी तुमच्या नालीचे पैसे अडकतात. आणि मालक दिवाळखोरीत गेला तर 15 दिवस कधी सुरूच होणार नाहीत. तुमचा करार मालकाशी नसल्यामुळे तुम्ही थेट त्याच्याकडे मागायलाही जाऊ शकत नाही.

रुपयांत पाहा. चार महिन्यांचं काम, महिन्याला 12 लाखांचं बिल, त्यात तुमचा खर्च 10 लाख 80 हजार. बिल महिनाअखेर आणि पैसे त्यानंतर 30 दिवसांनी, असं धरलं तर पहिला रुपया हातात येईपर्यंत दोन महिन्यांचा खर्च, म्हणजे 21 लाख 60 हजार, तुम्ही घातलेला असतो. आता पैसे 75 दिवसांनी आले तर तोपर्यंत साडेतीन महिने झालेले असतात आणि 37 लाख 80 हजार बाहेर असतात. फरक 16 लाख 20 हजार. सळई आणि सिमेंटवाल्यानं थोडी उधारी दिली तर हा आकडा कमी होतो, पण मजुरांचा आठवड्याचा हिशेब आणि डिझेल उधारीवर चालत नाही. दरमहा दीड टक्क्यानं पैसे उचलले तर 16 लाख 20 हजारांवर महिन्याला 24 हजार 300 रुपये व्याज. व्याज एक वेळ सोसवेल. खरी अडचण पुढची आहे: तिसऱ्या महिन्यात पैसे संपतात, मजूर गावी जातात, काम थांबतं आणि मग उशिराचा दंड तुमच्यावरच लागतो. ही दोन कलमं एकमेकांना धरून असतात, म्हणून ती एकत्रच वाचावी लागतात.

इथे बरेच जण उद्यम नोंदणीवर विसंबतात. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं, हे खरं. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू होत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिलेले आहेत. नाली बांधून देणं हे वर्क्स कॉन्ट्रॅक्टच. म्हणून नोंदणी जरूर ठेवा, पण पैशांची तारीख करारातच लिहून घ्या.

बदल असा मागा: ‘मालकाकडून रक्कम मिळाल्यापासून 15 दिवस किंवा बिल सादर केल्यापासून 45 दिवस, यांपैकी जे आधी असेल ते.’ बॅक टू बॅक पूर्ण काढायला मुख्य ठेकेदार सहसा तयार होत नाही. ‘जे आधी असेल ते’ या चार शब्दांनी त्याचं कलम कागदावर राहतं आणि तुम्हाला एक पक्की तारीख मिळते. मात्र टाइप झालेला मसुदा नीट वाचा. ‘आधी’ ऐवजी ‘नंतर’ पडलं तर सगळं उलटं होतं.

याला दोन जोड हवेत. एक, बिल दिल्यावर 7 दिवसांत संयुक्त मोजमाप व्हावं, नाही झालं तर तुमचं मोजमाप मान्य समजलं जावं. नाहीतर 45 दिवस सुरू व्हायच्या आधीच बिल इंजिनिअरच्या टेबलावर महिनाभर पडून राहतं. दोन, ठरलेल्या तारखेनंतर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर 7 दिवसांची लेखी नोटीस देऊन काम थांबवण्याचा हक्क, आणि तेवढ्या दिवसांची मुदतवाढ. थांबवण्याचा हक्क लिहिलेला नसताना काम थांबवलं तर करार मोडणारी बाजू तुम्ही ठरू शकता.

रिटेन्शनचंही बघा. प्रत्येक बिलातून 5 टक्के, म्हणजे एकूण 2 लाख 40 हजार. ही रक्कम ‘दोषदायित्व कालावधी संपल्यावर’ परत, आणि तो कालावधी ‘संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यापासून 12 महिने’. तुमची नाली जूनमध्ये संपली, पण कारखाना दोन वर्षांनी पूर्ण झाला तर अर्धा नफा तीन वर्षं अडकला आणि तोवर नालीची दुरुस्तीही तुमच्याच माथी. ‘पोटठेकेदाराचं काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून 12 महिने’ एवढा बदल बहुतेक जण मान्य करतात, फक्त कोणी मागत नाही.

मुदत आणि दंड

सर्वसाधारण अटींत उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त 5 टक्के, असा होता. म्हणजे आठवड्याला 24 हजार आणि वरची मर्यादा 2 लाख 40 हजार. विशेष अटींत हेच कलम पुन्हा लिहिलंय: दिवसाला अर्धा टक्का. मर्यादेचं वाक्य नाही. ‘आठवडा’ जाऊन ‘दिवस’ आला, बाकी मजकूर तसाच. त्यामुळे भरभर वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. आता दिवसाला 24 हजार, म्हणजे 20 दिवसांत सगळा नफा संपतो.

त्याखालचं वाक्य त्याहून जड आहे: ‘साइट टप्प्याटप्प्याने उपलब्ध होईल. त्याबद्दल मुदतवाढ किंवा भरपाई मिळणार नाही.’ कामाची जागा, म्हणजे फ्रंट, कधी द्यायची हे मुख्य ठेकेदाराच्या हातात आणि उशीर तुमच्या खात्यात.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते मोजून पाहू. तुमची टोळी दिवसाला 5 मीटर नाली करते. पहिले 400 मीटर 80 दिवसांत, म्हणजे 1 मेच्या सुमारास पूर्ण होतात. उरलेल्या 200 मीटरचा फ्रंट 1 मेला मिळाला तर 40 दिवसांत, 10 जूनला काम संपतं. पण तिथे दुसऱ्या एजन्सीचे पाइप पडलेत आणि जागा 1 जूनला मिळाली. 15 जूनपर्यंत 75 मीटर होतात. मग पाऊस. काळ्या मातीत पाणी शिरलं की चराच्या बाजू ढासळतात, पंप लावावा लागतो, गाडी आत जात नाही. गती निम्मी, दिवसाला अडीच मीटर धरा. उरलेल्या 125 मीटरला 50 दिवस लागतात आणि काम 4 ऑगस्टला संपतं.

मुख्य ठेकेदाराचा उशीर 31 दिवसांचा, तुमच्या नावावर उशीर 55 दिवसांचा. नव्या कलमानं दंड 13 लाख 20 हजार. जुन्या कलमानं तोच उशीर साधारण 8 आठवड्यांचा धरला तर 1 लाख 92 हजार. फ्रंट उशिरा मिळण्याचं खरं नुकसान दिवसांच्या मोजणीपेक्षा मोठं असतं, आणि विदर्भात जूनच्या मध्यावर ते एकदम वाढतं.

कायदा यात तुमच्या बाजूनं थोडा आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं. पण रक्कम तुमच्या बिलातून आधीच कापलेली असते. ती परत मिळवायला भांडायचं तुम्हाला आहे, वकिलाची फी तुम्हाला द्यायची आहे. म्हणून कायद्याच्या आधारावर वाईट कलम सही करणं हा महागडा मार्ग आहे.

इथे तीन गोष्टी मागा. दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि एकूण 5 टक्के मर्यादा, आणि ‘उशिराबद्दल याशिवाय दुसरी कोणतीही भरपाई नाही’ हे वाक्य. दुसरं, फ्रंटचं वेळापत्रक जोडपत्र म्हणून: 0 ते 200 मीटर 10 फेब्रुवारी, 200 ते 400 मीटर अमुक तारीख, 400 ते 600 मीटर 1 मे. तिसरं, फ्रंट उशिरा मिळाला तर मुदतवाढ नुसत्या तेवढ्या दिवसांची नको, ‘कामावर झालेल्या प्रत्यक्ष परिणामाइतकी, पावसाळ्यासह’ हवी. रिकाम्या बसलेल्या टोळीचा आणि मशिनचा दिवसाचा दर ठरवून घेता आला तर उत्तम, पण तो सहजी मिळत नाही. मर्यादा आणि वेळापत्रक यांसाठी तो सोडावा लागला तरी चालेल.

पाऊस हेच कारण धरून मुदतवाढ मागू नका. ‘पावसाळा मुदतीत धरलेला आहे’ हे कलम रास्त आहे, जूनमध्ये पाऊस येतो हे तुम्हाला दर भरतानाच ठाऊक असतं. अशा रास्त अटींवर वाद घातला की समोरचा तुमच्या खऱ्या मुद्द्यांकडेही लक्ष देत नाही.

बाकीच्या अटी, थोडक्यात

दाव्याची नोटीस 48 तासांत, नाहीतर हक्क संपला, असं कलम असतं. करार कायद्याचं कलम 28 हक्क मुदतीनं संपवणाऱ्या अटींना आडवं येतं, पण नोटीसच्या अटीला ते लागू होतं की नाही यावरच वाद घालावा लागतो. 14 दिवस मागा आणि ईमेल चालेल असं लिहून घ्या.

नुकसानभरपाईच्या कलमात ‘कोणत्याही कारणाने झालेले सर्व नुकसान’ असेल तर ‘पोटठेकेदाराच्या चुकीमुळे झालेले’ एवढं घाला आणि रक्कम कराराच्या किमतीपुरती ठेवा. साइटचा विमा मुख्य ठेकेदारानं काढला असेल तर त्यात पोटठेकेदारांचा समावेश आहे का, आणि दाव्यातली पहिली न मिळणारी रक्कम कोण सोसणार, हे पॉलिसी बघूनच समजतं. मुरूम-गिट्टीची रॉयल्टी तुमच्याकडे असेल तर पुरवठादाराकडून पास घेतल्याशिवाय गाडी उतरवू नका, पास नसले की रक्कम बिलातून जाते.

लवादाचं ठिकाण मुंबई किंवा दिल्ली असेल तर नागपूर मागा. 3 लाखांच्या वादासाठी दिल्लीला तारखा करणं परवडत नाही आणि समोरच्याला ते माहीत असतं. लवाद मुख्य ठेकेदाराचा संचालक स्वतःच नेमणार, असं कलम टिकत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या प्रकरणात हितसंबंध असलेल्या व्यक्तीला एकट्यानं लवाद नेमता येत नाही असं ठरवलंय. तरी ‘दोघांच्या संमतीने’ असं लिहून घेतलं की कोर्टात एक अर्ज करायचा वाचतो.

बोलणी आणि सही

आता समासातल्या आकड्यांची बेरीज बघा. खडक 3 लाख 25 हजार, दंड 13 लाख 20 हजार, अडकणारं भांडवल 16 लाखांच्या वर, नफा 4 लाख 80 हजार. सगळं एकदम घडेलच असं नाही. पण यातलं एकच घडलं तरी झेपेल का, हा प्रश्न विचारायचा असतो. दंडाची मर्यादा आणि पैशांची पक्की तारीख, या दोन गोष्टी मिळत नसतील तर आमच्या मते हे काम सोडावं. खडकाची जोखीम दरात बसवता येते: खड्ड्यांत खडक दिसला तर खोदकामाचा दर 180 वरून 380 च्या आसपास न्यायचा की झालं. 30 टक्के खडकाचा फरक 1620 घनमीटरवर वाटला की घनमीटरला 201 रुपये येतात.

बोलताना दहा मुद्दे घेऊन जाऊ नका. तीन-चार घ्या, प्रत्येकासमोर बदललेलं वाक्य टाइप करून ठेवा. पर्चेसच्या साहेबांसमोर सूर असा असू द्या: “साहेब, दरात मी काही वाढवत नाही. फ्रंटच्या तारखा तुम्हीच टाका, तुम्हाला जमतील त्या. फक्त त्या तारखेला जागा मिळाली नाही तर तेवढा दंड माझ्यावर नको.” ‘हे कंपनीचं स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलत नाही’ असं उत्तर येईल. फॉरमॅट बदलायची गरजच नसते. एक पानाचं डेव्हिएशन शीट करायचं, त्यात कलम क्रमांक, मूळ वाक्य, ठरलेलं वाक्य लिहायचं, आणि ‘हे पान विशेष अटींपेक्षा वरचढ राहील’ असं वर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. या पानाचा उल्लेख वर्क ऑर्डरमध्ये हवा. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर ‘हो, बघून घेऊ’ म्हटलेलं पुरत नाही, कारण ‘आधीची सर्व बोलणी या कराराने रद्द’ असं कलम शेवटच्या पानावर असतं.

हे सगळं खासगी कामाला लागू आहे. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ई-निविदेत स्वतःची अट घातली तर निविदा सशर्त म्हणून बाद होते. तिथे शंका निविदापूर्व बैठकीत लेखी विचारायची, उत्तर शुद्धिपत्रकात आलं तरच धरायचं, आणि न बदललेल्या अटीची किंमत दरात घालायची.

शेवटी एक चूक, जी वाचणं-मोजणं सगळं नीट करूनही होते. अटींवर बोलणी चालू असताना साइटवरून फोन येतो की मशीन पाठवा, कागद मागाहून करू. करार कायद्याच्या कलम 8 प्रमाणे प्रस्तावातल्या अटींनुसार काम सुरू करणं हीसुद्धा संमती ठरू शकते. जेसीबी गेटच्या आत गेला की न बदललेल्या विशेष अटी तुम्ही मान्य केल्या, असं समोरचा म्हणू शकतो. म्हणून डेव्हिएशन शीटवर दोन्ही सह्या झाल्यावरच मशीन पाठवा. घाई खरोखरच असेल तर आधी ईमेल करा: ‘अमुक कलमांवर सहमती बाकी आहे, तोवर फक्त साफसफाई आणि आखणी करत आहोत’, आणि तेवढंच करा. सही झालेल्या शीटची एक प्रत सुपरवायझरकडे साइटवर ठेवा. फ्रंट मिळाल्याची तारीख, खडक लागल्याची खोली आणि बिल दिल्याचा दिवस त्याच्याच डायरीत लिहिला जाणार आहे, आणि काय लिहायचं हे त्याला त्या पानावरूनच कळेल.